काट्याएवढा कंस

भिंतीवरच्या घड्याळासमोर बसा. मिनिटकाटा नुकताच बारावर आला असेल अशी वेळ निवडा. हिशेबाच्या सोयीसाठी धरून चालू, की काटा मध्यापासून टोकापर्यंत १५ सेंटीमीटर लांब आहे. आता फक्त त्याच्या टोकाकडे बघायचं. सेकंदकाटा लक्ष ओढून घेईल, घेऊ द्या. पुन्हा टोकावर या.

टोक वर्तुळावरून सरकतंय. त्याची वाट वाकडी, पट्टी लावून मोजता न येणारी. म्हणून मनातल्या मनात एक दोरा घ्या, बरोबर काट्याच्या लांबीचा. बारापासून सुरुवात करून तो टोकाच्या वाटेवर वळवत ठेवा. जिथे दोरा संपेल तिथे खूण करा आणि काट्याची वाट बघा. दहा मिनिटं व्हायला जरासा अवकाश असताना, नेमकं सांगायचं तर ९ मिनिटं ३३ सेकंदांनी, काटा त्या खुणेवर येतो. तेवढ्या वेळात तो जितका वळला, तो कोन म्हणजे एक रेडियन.

इथे जरा थांबा. घड्याळ मनोऱ्यावरचं असो की मनगटावरचं, ही वेळ बदलत नाही. काटा लांब असेल तर दोराही तेवढाच लांब होतो आणि खूण त्याच दिशेला पडते. अंशांत हा कोन ५७.३ च्या आसपास भरतो. पण ३६० हा आकडा आपण वर्तुळावर बसवलेला आहे. रेडियनला बाहेरचा आकडा लागतच नाही. वर्तुळ स्वतःच्याच त्रिज्येने स्वतःला मोजतं. तोच दोरा पुढे ठेवत गेलात तर पूर्ण फेरीत तो सहा वेळा मावतो आणि ४.२ सेंटीमीटरची फट उरते. सहा आणि थोडं, म्हणजेच 2π.

म्हणून कंसाची लांबी काढायचं सूत्र इतकं साधं होतं:

s = rθ

θ म्हणजे किती दोरे, r म्हणजे एका दोऱ्याची लांबी. दोघांचा गुणाकार केला की झालं. यात पाठ करण्यासारखं काही नाही, कारण कोनाच्या मापातच उत्तर दडलेलं आहे.

आर्यभटांनी ४९९ च्या सुमारास हीच गोष्ट उलट्या बाजूने केली होती. त्यांनी परिघाचे २१६०० भाग धरले, ज्यांना कला म्हणतात, आणि त्याच कलांनी त्रिज्या मोजली. ती आली ३४३८. म्हणजे त्यांनी परिघाच्या मापाने त्रिज्या मोजली, आपण त्रिज्येच्या मापाने परीघ मोजतो. ३४३८ कलांचे अंश करून बघा: ५७ अंश १८ कला. आपला एक रेडियनच.

आता टोक सोडा आणि अख्ख्या काट्याकडे बघा. तो नुसती रेघ ओढत नाही, तबकडीचा एक तुकडाही झाडून काढतो. ही वर्तुळपाकळी. तिचं क्षेत्रफळ किती?

पाकळीचे केंद्रापासून कडेपर्यंत अगदी बारीक काप करा, घडीच्या पंख्याच्या पट्ट्यांसारखे. प्रत्येक काप जवळजवळ त्रिकोण आहे. त्याचा पाया कंसाचा छोटासा तुकडा, उंची जवळजवळ त्रिज्येएवढी. पाया किंचित वाकडा आहे हे खरं, पण काप जितके बारीक कराल तितका तो वाकडेपणा नाहीसा होत जातो. प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं. उंची सगळ्यांची सारखी, आणि सगळे पाये जोडले की पूर्ण कंस. म्हणजे पाकळीचं क्षेत्रफळ कंस गुणिले त्रिज्येच्या निम्मं. कंसाच्या जागी rθ ठेवलं की:

A = ½r²θ

सूत्रातला तो अर्धा त्रिकोणातून आलेला आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास, हा आर्यभटांचा नियमही याच घरातला. तिथे पाकळी फक्त पूर्ण उमललेली आहे.

घड्याळाकडे परत या. ९ मिनिटं ३३ सेकंदांनी θ एक होता, म्हणून पाकळी ½r², म्हणजे ११२.५ चौरस सेंटीमीटर. काटा आणखी तेवढाच पुढे जाऊ द्या. १९ मिनिटं ६ सेकंदांनी θ दोन होतो आणि पाकळी होते r², २२५ चौरस सेंटीमीटर. काट्याएवढी बाजू असलेला चौरस कागद कापला तर त्याचं आणि या गोलसर तुकड्याचं क्षेत्रफळ बरोबर सारखं. उत्तरात π कुठेच नाही. मला स्वतःला हा क्षण सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडतो.

पुढे वीस मिनिटं पूर्ण होऊ द्या. मिनिटकाटा एक तृतीयांश फेरी फिरला, θ = 2π/3, म्हणजे सुमारे २.०९४. टोक ३१.४ सेंटीमीटर चाललं, पाकळी २३५.६ चौरस सेंटीमीटर झाली. शेजारच्या तासकाट्याकडे आता खुशाल बघा. तो १० सेंटीमीटरचा आहे असं धरू. त्याच वीस मिनिटांत तो बारा पट कमी वळला, म्हणून त्याचं टोक पावणेदोन सेंटीमीटरच सरकलं आणि त्याची पाकळी ८.७ चौरस सेंटीमीटर भरली. मिनिटकाटा लांबीने फक्त दीडपट, पण त्याचा कंस अठरा पट आणि पाकळी सत्तावीस पट. कंसात त्रिज्या एकदाच येते, पाकळीत दोनदा. ते दीड दोनदा लागलं, एवढाच फरक.

इथे घसरायला होतं ते अंशांमुळे. वीस मिनिटांचे १२० अंश तसेच सूत्रात घातले तर १५ गुणिले १२०, टोक १८ मीटर चालल्याचं उत्तर येतं. पूर्ण फेरीच ९४ सेंटीमीटरची आहे, तेव्हा एकाच नजरेत चूक कळते. अंश असतील तर आधी π ने गुणून १८० ने भागायचं, मग सूत्राला हात लावायचा.

चाकाला हेच सूत्र लावताना एक बारकावा सांभाळावा लागतो. न घसरता चालणारं चाक जितका कंस जमिनीला टेकवतं, तितकंच पुढे जातं. ३५ सेंटीमीटर त्रिज्येचं सायकलचं चाक एक रेडियन वळलं की सायकल ३५ सेंटीमीटर पुढे, एका फेरीत सुमारे २२० सेंटीमीटर. पण ही त्रिज्या कुठली? स्वार बसला, हवा थोडी कमी असली, की टायर दबतो. समजा चाक अर्धा सेंटीमीटर लहान असल्यासारखं चालू लागलं. मग दर फेरीत जेमतेम ३.१ सेंटीमीटर कमी पडतात. क्षुल्लक वाटतं. पण किलोमीटरला साधारण ४५५ फेऱ्या होतात, आणि फेऱ्या मोजून अंतर दाखवणारं सायकलचं मीटर सुमारे १४ मीटर जास्त सांगतं. म्हणून मीटरमध्ये परीघ भरताना फूटपट्टीने त्रिज्या मोजण्यापेक्षा असं करावं: हवा नेहमीइतकी भरायची, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करायची, सायकलवर बसून व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत सरळ पुढे जायचं, दुसरी खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. त्याला 2π ने भागलं की जी त्रिज्या येते, तीच या सूत्रात घालायची.