‘पालकांची उदासीनता’

बी.एड.च्या फायली तपासताना एक वाक्य हटकून भेटते: ‘पालक शिक्षणाबाबत उदासीन आहेत.’ व्यक्ती अभ्यासातले मूल अलिबागचे असो की श्रीवर्धनचे, कारणांत गरिबी, व्यसन, उदासीनता आणि उपायांत गृहभेट, समुपदेशन. नाव बदलले की फाईल दुसऱ्या मुलालाही चालते.

माझा आग्रह एवढाच, की कारण विचारण्याआधी खाड्यांचा क्रम पाहा. समजा, कोळीवाड्यातल्या, डोल लावणाऱ्या घरातली चौथीतली एक मुलगी आहे. हजेरीपत्रकातले तिचे खाडे पंचांगाशेजारी मांडले आणि ते पौर्णिमा-अमावास्येभोवती दाटलेले दिसले, अष्टमीच्या सुमाराला ती वर्गात दिसली, तर ही उदासीनता नव्हे, उधाण आहे. डोल हे पाण्यात रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे. प्रवाहाच्या जोरावर मासळी त्यात शिरते, म्हणून उधाणात ते भरते आणि भांगात, पाणी मंद झाले की, रिकामे राहते. जवळा, बोंबील आले की आई निवडायला, वाळत घालायला, विकायला. धाकटे भावंड हिच्या कडेवर. (कातकरी मुलाचे वेगळे. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की ते पावसाच्या तोंडावरच परतते. तिथे हंगामी वसतिगृहाचा विचार करावा लागतो.)

पण एका महिन्याच्या जुळणीवर विसंबू नये. निदान तीन महिने पाहावेत. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. घरची होडी इंजिनाची असून शाळा उघडल्यावर जून-जुलैतही खाडे तसेच पडत असतील, तर उधाणाचा तर्क सोडून द्यावा.

‘मग काय शाळा भरती-ओहोटीवर चालवायची?’ एका सहकाऱ्यांनी मला टोमणा मारला. टोमण्याला उत्तर द्यायचे म्हणून त्या मुलीची वही डोळ्यांसमोर आणली. ४०२ वजा १७८, उत्तर ३७६. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला. ही धांदल नव्हे. शून्य असलेल्या संख्येत हातचा कसा घ्यायचा, हा भाग ज्या दिवशी झाला त्या दिवशी ती नव्हती. पुढचे सगळे तास ती हजर राहिली तरी हे उत्तर आपोआप २२४ होणार नाही.

म्हणजे गैरहजेरी आणि मागे पडणे ही दोन दुखणी आहेत, आणि क्रमाचा माझा लाडका शोध पहिल्याचाच. गृहभेटीने आईचे वेळापत्रक बदलणार नाही, मला वाटते बदलायला सांगूही नये. नवा घटक मात्र भांगाच्या दिवसांत सुरू करता येतो, उधाणात सराव घेता येतो. सहकाऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर आता ‘थोडीफार, हो’ असे आहे. आणि चुकलेल्या पायरीसाठी दहाच्या काड्यांचे गठ्ठे सोडून तिच्यासोबत बसायचे. आठवड्याने तसेच नवे गणित, ५०३ वजा २६७, द्यायचे. २३६ आले तर नोंदवायचे, ३६४ आले तर तेही नोंदवायचे.

ज्या फायलीत खाड्यांच्या तारखा आणि मुलाच्या वहीतली एक तरी चूक जशीच्या तशी नसेल, ती मी यंदा परत करणार आहे.