पाटीवरचे ‘नाही’

दोन वर्षांमागे, पावसाळा सरत असता, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बल्लारपूरच्या बाजूने आम्हांस एका पाटीचे छायाचित्र पाठविले. एका सेवाभावी मंडळासाठी तो आसपासच्या खेड्यांतील पाण्याच्या जागांची नोंद करीत होता. त्या नोंदीचे इंग्रजी भाषांतर पुण्यातील आमचे एक स्नेही करणार होते. छायाचित्र भ्रमणध्वनीवर आले. ते ज्या संभाषणात आले त्यातील मजकूर सात दिवसांनी आपोआप पुसला जाई, आणि विद्यार्थ्याचे यंत्र पुढे लवकरच नाल्यात पडून निकामी झाले. तेवढ्यात आम्ही पाटीवरचा मजकूर टंकून ठेवला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. चित्र गेले तरी शब्द राहिले, आणि भाषांतराला शब्दच हवे असतात, अशी आमची समजूत होती.

महिन्याभराने पुण्याहून पत्र आले. त्यात एकच प्रश्न होता : “पहिल्या ओळीच्या शेवटी आपण ‘नाही’ लिहिले आहे. ते पाटीवर होते, की आपल्या बोटांतून आले?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. तेव्हापासून जो विचार मनात घोळत आहे, तो वाचकांपुढे मांडीत आहो.

आधी पाटी कशी होती ते सांगितले पाहिजे. पत्र्याची, पांढऱ्या रंगावर तांबड्या अक्षरांची, एका हातपंपाशेजारी उभी केलेली अशी ती होती. पहिली ओळ मराठी : ‘या हातपंपाचे पाणी पिण्यास योग्य’. त्यापुढे उजव्या कोपऱ्यावर कोणीतरी लग्नसमारंभाचे छापील पत्रक चिकटविले होते. दुसरी ओळ हिंदी, ‘यह पानी पीने योग्य’, आणि तिचाही शेवट त्याच कागदाखाली गेलेला. तिसरी ओळ कागदाच्या खालून निघाली होती व सबंध दिसत होती. पण ती तेलुगू असावी असे वाटून आम्ही ‘खाली दाक्षिणात्य लिपीत एक ओळ’ एवढेच टंकिले आणि पुढे गेलो. सर्वांत खाली तालुक्याचे नाव दोनदा होते.

बल्लारपूरकडील पाटीवर तीन भाषा असाव्यात यात नवल नाही. कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना आणि दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग यांमुळे तेथे तेलुगू व हिंदी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका तर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. ज्याला तेथील पाटी वाचावयाची आहे, त्याने एक ओळ वाचून बाकीच्या तिच्याच आवृत्त्या समजणे बरे नव्हे.

आता आमच्या अपराधाकडे वळू. ‘पिण्यास योग्य’ एवढे वाचून आमचे मन थांबले नाही. पाणी चांगले असेल तर कोण पाटी लावतो? पाटी लागते ती वाईट पाण्याला. शिवाय अक्षरे तांबडी. चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आढळते, हेही आम्हांस ठाऊक होते. इतक्या आधारांवर ‘नाही’ हा शब्द इतका उघड वाटला की तो आपण वाचला नसून जोडला, ही जाणीवही टंकिताना झाली नाही. हिंदी ओळीलाही आम्ही ‘नहीं है’ ही शेपटी लावून दिली. दोन ओळी एकमेकींस साक्ष देऊ लागल्या, आणि दोन्ही साक्षी आमच्याच तोंडच्या!

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? चूक झालीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूची आहे. हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी पुष्कळ दिवस केला. पण तो टिकत नाही. पाण्याची तपासणी होऊन ‘योग्य आहे’ असेच तेथे लिहिले असेल, तर आमच्या ‘नाही’ने नोंदीत एक चांगला पंप वाईट ठरतो. तो बंद करावा अशी शिफारस होऊ शकते, आणि मग घागर घेऊन अर्धा कोस अधिक चालावयाचे कोणी, तर तेथील बायांनी. पुण्यात बसलेल्या आमच्या सुरक्षिततेचा भार त्यांच्या डोक्यावर. आणि समजा आमचा तर्क अगदी बरोबर निघाला, तरी दोष उरतोच. कारण दोष तर्क करण्यात नाही. तर्काला दर्शनाचा वेष चढविण्यात आहे. छायाचित्र हयात असते तर ज्याला शंका आली तो ते उघडून पाहता. ते गेल्यावर आमची टंकित ओळ हीच पाटी झाली, आणि तिच्यात दिसलेली अक्षरे व मानलेली अक्षरे एकाच शाईने उभी आहेत.

शिलालेखांच्या अभ्यासकांनी या संकटाचा विचार फार पूर्वीच केला आहे. मोआबचा राजा मेशा याचा काळा शिलालेख 1869 साली स्थानिक भांडणात फोडला गेला. सुदैवाने त्याआधी ओल्या कागदाचा त्याचा एक ठसा घेतलेला होता. पुढे दगडाचे जे तुकडे हाती आले ते जुळविण्यास आणि हरवलेला मजकूर भरून काढण्यास तोच ठसा उपयोगी पडला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आज तो लेख उभा आहे. ठशाला भाषा येत नव्हती, म्हणूनच त्याने अक्षर जसे होते तसे घेतले. टंकणाऱ्याला भाषा येते, आणि सगळा घोटाळा तेथे सुरू होतो. वाचनाची प्रत करणाऱ्यांसाठी 1931 साली लायडेन येथे विद्वानांनी काही खुणा ठरविल्या. नष्ट झालेली अक्षरे संपादकाने भरली तर ती चौकोनी कंसात. अक्षर अंशतः दिसते पण खात्री नाही, तर त्याखाली टिंब. किती गेले ते कळत नाही तेथे कंसात नुसत्या रेघा. खुणा साध्या आहेत. पण त्या वापरावयाच्या म्हणजे प्रत्येक अक्षरापाशी ‘हे मी पाहिले काय?’ असे स्वतःस विचारावे लागते, आणि आम्हांस अवघड गेले ते हेच.

त्या नियमाने आमची पहिली ओळ अशी व्हावयास हवी होती : ‘या हातपंपाचे पाणी पिण्यास योग्य [---]’, आणि तिच्याखाली एक टीप : ‘पुढील भाग चिकटविलेल्या कागदाखाली, जागा सुमारे एका लहान शब्दाची’. एवढ्यावर भाषांतरकाराला काम करता येते. तो इंग्रजीतही तेवढीच उघडी जागा ठेवील. मात्र त्याने ती वाक्याच्या शेवटी ठेवून चालणार नाही. मराठीत नकार शेवटी येतो, इंग्रजीत तो क्रियापदाला लागून मध्ये येतो. म्हणून कंसही मध्ये सरकवावा लागतो. टीप नसेल तर हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

याहूनही बारीक गोष्ट एक आहे आणि तिची हळहळ अधिक वाटते. कागदाच्या कडेला त्या पुढच्या अक्षराचा किंचित डावा भाग दिसत होता, असे आम्हांस अंधुक स्मरते. ‘नाही’तील ‘न’ असेल तर डाव्या बाजूस एक लहानशी गाठ आणि तिच्यापासून निघालेली आडवी रेघ दिसावी. ‘आहे’तील ‘आ’ असेल तर तीनच्या आकड्यासारखा दोन पोटांचा वळसा दिसावा. म्हणजे पाव बोटभर रंगाने सर्व निकाल लागला असता. ‘डावीकडे गाठ’ किंवा ‘डावीकडे वळसा’ असे दोन शब्द लिहिले असते तरी पुरे होते. आज आठवू गेलो तर कधी गाठ दिसते, कधी वळसा. ज्या दिवशी जे हवे असेल ते.

आणि ज्या ओळीला आम्ही ‘दाक्षिणात्य’ म्हणून वाटेला लावले ती एकटीच सबंध होती! एका तेलुगूभाषी सहकाऱ्यांनी नंतर सांगितले की अशी सूचना सामान्यतः ‘ई नीरु तागडानिकि पनिकिरादु’ अशी असते : हे पाणी पिण्याच्या उपयोगाचे नाही. उलट अर्थ असेल तर शेवटचा शब्द ‘पनिकिवस्तुंदि’ होतो. तेलुगूत अनुस्वार हा डोक्यावरचा ठिपका नसून अक्षरानंतर ओळीतच काढलेले पूर्ण वर्तुळ असते. त्याला तेथे सुन्ना म्हणतात, आणि आपल्याकडचा मनुष्य ते हटकून शून्याचा आकडा समजतो. सहकाऱ्यांनी दिलेल्या या दोन रूपांत होकारात शेवटच्या अक्षराआधी ते वर्तुळ आहे, नकारात नाही. अर्थात वाक्यरचना निराळी असली तर हा ताळा लागू पडत नाही. म्हणून वर्तुळ शोधण्यापेक्षा ओळच उतरून घेणे हा खरा उपाय.

‘पण लिपी येत नसेल तर टंकावे कसे?’ येथे आमचा अनुभव उलटाच आहे. न येणारी लिपी अधिक प्रामाणिकपणे उतरते, कारण तेथे पुढचा शब्द सुचत नाही. भ्रमणध्वनीच्या यंत्रात तेलुगूचा कळफलक घालून घेता येतो; पाटीवरचा आकार आणि कळीवरचा आकार जुळवीत एकेक अक्षर घ्यावयाचे. प्रथम लिपी निश्चित करावी. तेलुगू आणि कन्नड या सख्ख्या बहिणी. पण तेलुगूच्या बहुतेक व्यंजनांच्या माथ्यावर बरोबरच्या खुणेसारखी लहान तिरकी फाट असते, कन्नडाच्या माथ्यावर आडवी, टोकाशी वळलेली रेघ असते. मग धोक्याच्या जागा. तेलुगूत ‘द’ आणि ‘ध’ यांत खालच्या एका छोट्या उभ्या रेघेचा फरक, आणि पत्रा गंजला की पहिली जाते ती तीच. तेथे खात्री नसल्यास दोन्ही पर्याय लिहावेत. ती ओळ नागरीत उतरवून घेतली तर सोपे जाईल असे वाटते. पण तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत व दीर्घही, आणि आपल्या नेहमीच्या नागरीत तो भेद मावत नाही. म्हणून मूळ लिपीच बरी.

नागरी येते म्हणून नागरी सुरक्षित आहे असेही नाही. एकाच नागरीत मराठीही लिहितात, हिंदीही. पाटीवर नुसते ‘शिक्षा’ असेल तर हिंदीत ते शिक्षण आणि मराठीत दंड. ‘खाली’ म्हणजे तेथे रिकामे, येथे तळाशी. टंकित अक्षरे दोन्हीकडे अगदी एकच. म्हणून प्रत्येक ओळीपुढे लिपी आणि भाषा ही दोन्ही वेगवेगळी लिहावयास हवीत. आमच्या पाटीच्या तळाशी तालुक्याचे नाव एकदा ‘बल्लारपूर’ आणि एकदा ‘बल्लारपुर’ असे होते. दुसरे हिंदीच्या वळणाचे, आणि तेवढ्यावरून तळची कोणती ओळ कोणत्या भाषेची हे कळत होते. आम्ही तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताने दोन्ही दीर्घ करून टाकले. त्याच गावच्या स्थानकास रेल्वे बल्हारशाह म्हणते. त्या पाटीवरचा ‘ह’ही आम्ही कदाचित अशुद्ध म्हणून काढला असता.

पुण्याच्या स्नेह्यांस आम्ही अखेर लिहिले की ‘नाही’ आमचे आहे असे धरून चालावे; हिंदीतील ‘नहीं है’ हीही आमचीच; तिसरी ओळ तेलुगू असावी, पण ती आम्ही घेतली नाही. त्यांनी नोंदीत जागा उघडी ठेवली. विद्यार्थी पुन्हा तिकडे गेला तेव्हा पंपाचा दांडा काढलेला होता आणि पाटी नव्हती. नुसते दोन लोखंडी खांब उभे होते. शेजारच्या घरी त्याने विचारले. घरातल्या म्हाताऱ्या बाईने सांगितले, “पाटी होती खरी, पण आम्हांला कुठं वाचता येते? पाणी जरा मचूळ लागायचं.” ते वाक्य त्याने तिच्याच शब्दांत, ती तेलुगू वळणाची मराठी बोलते अशी टीप देऊन, लिहून पाठविले आहे.