आम्ही, आपण आणि चार मिनिटांचा व्हिडिओ

कंपनीतला पॉलिसी बदलल्याचा एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तर सगळेच पाहिल्यासारखे आहेत. सुरुवातीला हलका पियानो. मग एचआरच्या प्रमुख, त्यांच्या मागे धूसर केलेली झाडाची कुंडी, आणि पहिलं वाक्य कायम एकाच अर्थाचं : गेली काही वर्षं आपल्यापैकी कुणालाच सोपी गेलेली नाहीत. मूळ बातमी मिनिटभराने येते. ती आली की लगेच पडद्यावर एफएक्यू सुरू होतात. गोल कोपऱ्यांच्या निळ्या चौकटी, प्रत्येकीत एक प्रश्न, खाली दोन ओळींचं उत्तर आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेलं एक हसरं चित्र.

माझ्या कंपनीत आलेला व्हिडिओ चार मिनिटांचा होता. त्यातली बातमी एका ओळीची होती : पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं. मी साताऱ्यातून काम करते. माझा एक सहकारी सांगलीहून. आमच्यासारखे बरेच जण 2020 मध्ये लॅपटॉप घेऊन गावी परतले आणि तिथेच राहिले, कारण तेव्हा मोठ्या कंपन्याच सांगत होत्या की जग बदललं आहे. टीसीएसने 2020 साली जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी फक्त 25 टक्के लोकांनी ऑफिसात असलं तरी पुरेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर 2023 पासून लोकांना आठवड्यातले पाचही दिवस बोलावलं.

ऑफिसात बोलावणं चूक की बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. कंपनीकडे कारणं असतील, काही पटण्यासारखीही असतील. मला प्रश्न पडला तो त्या आवाजाबद्दल. वाईट बातमी मायेने सांगणं चांगलंच, नाही का? मग तो व्हिडिओ बघताना आमच्यापैकी अनेकांना अपमान झाल्यासारखं का वाटलं? कोरडा ईमेल आला असता तर इतकं वाटलं नसतं.

माझ्या मॅनेजरने या आवाजाच्या बाजूने एक चांगला मुद्दा मांडला. तो म्हणाला, डॉक्टर वाईट रिपोर्ट सांगताना खुर्ची जवळ ओढतात, आवाज खाली आणतात, थांबत थांबत बोलतात. त्याला तू नाटक म्हणतेस का? नाही म्हणत. डॉक्टरने तसंच बोलावं. पण डॉक्टर जे सांगतात ते त्यांनी घडवलेलं नसतं. गाठ त्यांनी आणलेली नसते. ते आणि पेशंट, दोघंही आजाराच्या एकाच बाजूला उभे असतात, म्हणून त्यांचं ‘मला वाईट वाटतंय’ हे वाक्य सरळ असतं. कंपनीच्या व्हिडिओत आवाज डॉक्टरचा असतो, पण बातमी स्वतःच्याच निर्णयाची असते. त्या आवाजामुळे निर्णय हा आजारासारखा किंवा पावसासारखा वाटू लागतो. आला, आता आपण सगळे मिळून तोंड देऊ. निर्णय घेणारा माणूस निर्णयाच्या शेजारी, आपल्या बाजूला येऊन उभा राहतो आणि समोरची जागा रिकामी होते. मग ‘हे का केलं?’ असं विचारायचं कुणाला?

इथे बोलणाऱ्या बाई खोटं बोलत होत्या असं मला म्हणायचं नाही. त्याही नोकरीच करतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. हसणं, समजून घेणं, शांत राहणं हेच ज्यांच्या पगाराचं काम आहे, अशी ती माणसं. एचआरच्या प्रमुखांना खरोखर वाईट वाटलं असेल. कदाचित त्यांनी बैठकीत या निर्णयाला विरोधही केला असेल. पण त्यांच्या मनात काय होतं याने फरक पडत नाही. ती सहानुभूती निर्णयाच्या आधी आली की नंतर, याने पडतो.

हे मी थोडं आतून सांगू शकते, कारण असे व्हिडिओ आणि एफएक्यू ज्या अंतर्गत पोर्टलवर चढतात, त्यावर माझी टीम काम करते. क्रम साधारण असा असतो. निर्णय होतो, तारीख ठरते. मग कम्युनिकेशनच्या टीमकडे एक पानाचा मजकूर जातो : काय सांगायचं, सूर कसा ठेवायचा. ‘एम्पथेटिक’ हा शब्द तिथे लिहिलेला असतो, जसा आम्हाला बटणाचा रंग लिहून येतो. स्क्रिप्ट लीगलकडे जाऊन येते आणि परत येताना तिच्यातली वचनं गळालेली असतात. ‘आम्ही मदत करू’ गेलेलं असतं, ‘आम्ही समजू शकतो’ राहिलेलं असतं. लोक काय विचारतील याचा अंदाज बांधून प्रश्न लिहिले जातात आणि त्यांची दोन भागांत विभागणी होते. एक भाग सगळ्यांना दाखवायचा, दुसरा फक्त मॅनेजरांना द्यायचा. मॅनेजरांना तो आदल्या दिवशी मिळतो. म्हणजे एफएक्यू या नावातलं ‘वारंवार विचारले जाणारे’ हे खरं नसतं. त्या क्षणापर्यंत कुणी काहीच विचारलेलं नसतं.

आमच्या व्हिडिओत नऊ प्रश्न होते. कधीपासून, कुठले तीन दिवस, आयकार्ड बंद पडलं असेल तर काय, पार्किंग, कॅन्टीन, असे बहुतेक. या सगळ्यांना ठाम, तारखेसकट उत्तरं होती. सातवा प्रश्न होता : माझी परिस्थिती वेगळी असेल तर? उत्तर : प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते हे आम्ही समजतो, कृपया तुमच्या मॅनेजरशी मोकळेपणाने बोला.

सांगलीच्या माझ्या सहकाऱ्याची परिस्थिती वेगळी होती. त्याच्या आईचं मिरजेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं, दर वेळी चारेक तास, वर जाणं-येणं. तो लॅपटॉप घेऊन तिथेच बाकावर बसतो आणि काम कधी मागे पडू देत नाही. सांगली ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. रोज येऊन-जाऊन करण्याचं हे अंतरच नाही. म्हणजे हिंजवडीत खोली, डिपॉझिट, आणि आईला घेऊन कोण जाणार हा प्रश्न. तो मोकळेपणाने मॅनेजरशी बोलला. मॅनेजरकडे जो वेगळा कागद होता त्यात लिहिलं होतं : ऐकून घ्या, अपवादाचं आश्वासन देऊ नका, एफएक्यूकडे बोट दाखवा. एफएक्यू मॅनेजरकडे पाठवतो, मॅनेजर एफएक्यूकडे. कोडमध्ये असं एकमेकांना बोलावणारं काही सापडलं तर आम्ही त्याला बग म्हणतो.

अशी चौकट ओळखायची एक सोपी खूण मला यातून सापडली. उत्तरातलं क्रियापद बघायचं. ‘मिळेल’, ‘मिळणार नाही’, ‘कळवू’ ही क्रियापदं असतील तर ते उत्तर आहे. ‘समजतो’, ‘जाणतो’, ‘कदर करतो’ असतील तर प्रश्न अजून तसाच पडून आहे.

तो व्हिडिओ आला त्या संध्याकाळी पप्पांनी विचारलं, काय म्हणतायत गं? पप्पा सातारच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. मी वाक्यागणिक मराठीत सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्याला अडले. इंग्रजीत सगळीकडे ‘वी’ होतं. मराठीत ‘आम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. ऐकणारा ‘आपण’मध्ये असतो, ‘आम्ही’मध्ये नसतो. मी सांगत गेले : आपण सगळ्यांनी कठीण काळ पाहिला. आम्ही ठरवलं आहे. आपण एक कुटुंब आहोत. आम्ही अपवाद करू शकणार नाही. आपण हा बदल यशस्वी करू. इंग्रजीत हे सगळं एका शब्दावर घरंगळत जात होतं. मराठीत शिवण दिसायला लागली. ठरवणारे ‘आम्ही’, निभावणारे ‘आपण’.

मराठीलाही लपवाछपवी जमते बरं का. ‘असा निर्णय घेण्यात आला आहे’ हे आपल्या सरकारी कागदांचं लाडकं वाक्य, त्यात कर्ताच गायब. पण ते निदान गळ्यात हात टाकत नाही.

पप्पांनी विचारलं, नोटीस किती दिवसांची दिली? मला प्रश्न कळलाच नाही. मग त्यांनी सांगितलं आणि मी नंतर वाचलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होतं. पगार, कामाचे तास, पाळ्या, रूढ झालेली एखादी सवलत काढून घेणं, असा बदल करायचा तर मालकाने कामगारांना आधी ठरावीक नमुन्यात नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर 21 दिवस तो बदल अमलात आणायचा नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही 21 दिवसांची तरतूद आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या 21 दिवसांत बदल हा ‘प्रस्तावित’ असतो. त्या काळात युनियन हरकत घेऊ शकते, कामगार खात्याकडे जाऊ शकते. पप्पांच्या गेटावर लागलेल्या नोटिशीत मायेचा एक शब्द नसायचा. पण तिच्यात एक मोकळी जागा होती, जिथे कामगाराचं बोलणं काही बदलू शकत होतं. प्रत्येक वेळी बदललं असं नाही. बऱ्याचदा पाळी बदललीच, आणि पप्पा रात्रपाळीला गेलेच. तरी एकवीस दिवस कंपनीला थांबावं लागलं होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ती तरतूद कितपत लागू होते यावर वकील वाद घालतील. ‘कामगार’ हा शब्द आमच्यापैकी अनेकांना स्वतःसाठी आवडतही नाही, हे त्याच्या बाजूला ठेवून द्या.

याचा अर्थ कंपन्यांनी उद्धट व्हावं असा नाही. तेही करून झालं आहे. वेबएमडी ज्यांच्या मालकीची आहे त्या इंटरनेट ब्रँड्स या अमेरिकी कंपनीचा ऑफिसात परत बोलावणारा व्हिडिओ जानेवारी 2024 मध्ये जगभर फिरला. त्यात मुख्य अधिकारी थेट सांगतात की आम्ही विचारत नाही, वाटाघाटही करत नाही, कळवतो आहोत. आणि पुढे अधिकारी गाण्यावर नाचतात. लोक हसले, चिडले. ‘आम्ही’ला त्यांनी ‘आम्ही’ म्हटलं एवढं खरं, पण ऐकणाऱ्याला बोलायला जागा तिथेही नव्हती. सूर गोड असो की कडक, ती जागा सुरात नसते.

सातव्या चौकटीत काय लिहिता आलं असतं, ते मी आणि माझ्या सहकाऱ्याने एका कॉलवर बसून लिहून पाहिलं. माझी परिस्थिती वेगळी असेल तर? अर्ज करा. तो या तीन जणांकडे जाईल, त्यांची नावं ही. पंधरा दिवसांत उत्तर मिळेल, तोवर तुम्हाला ऑफिसात यावं लागणार नाही. नाही म्हटलं तर कारण लेखी देऊ. घरच्या आजारपणासाठी सवलत मिळू शकते, फक्त गावी राहायला आवडतं म्हणून मिळणार नाही. यातलं शेवटचं वाक्य माझ्या विरोधात जातं. मला साताऱ्यात राहायला आवडतं, एवढंच माझं कारण आहे, आणि मला स्वारगेटची एसटी पकडावी लागली असती. तरी ते वाचून मला माझ्याशी कुणीतरी बोललं असं वाटलं असतं. वाचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. मागे पियानो ठेवला तरी आमची हरकत नव्हती.