ओल्या टॉवेलाचा अर्थ

विवाहविधीत वधूवर सुखात व दुःखात, आजारात व आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे वचन देतात. गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलाविषयी तेथे कोणी काही विचारत नाही. पुढे घरात तंटा होतो तो मात्र बहुधा अशाच टॉवेलावरून.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग का यावा? ॲरिस्टॉटलला रागाच्या मुळाशी अवहेलना दिसली आणि १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तेच मत उचलून धरले. आपल्याला तुच्छ लेखले असे वाटले की माणूस संतापतो. टॉवेलाने गादी ओली होते, नुकसान तेवढेच. पण पत्नी त्या ओलाव्यात एक वाक्य वाचते: ‘तुझ्या कष्टांची मला किंमत नाही.’ पतीने ते लिहिलेलेच नसते. लग्नापूर्वी आई मुकाट्याने टॉवेल उचलीत असे, म्हणून तो त्याला दिसतच नाही. (मुलांना हे वळण कोण लावते, याचा आयांनीही विचार करावा!)

झोपेचेही तसेच. समजा, पती दुसऱ्या पाळीचा, मध्यरात्री घरी येणारा; पत्नीला पहाटे पाचला उठून लोकल गाठायची. त्याचा दिवा तिची झोप मोडतो, तिचा गजर त्याची. आपल्याकडे पहाटे उठणे हा सद्गुणच मानला जातो. वास्तविक झोप केव्हा यावी, हे काही अंशी उपजत देहधर्मावर आणि वयावर अवलंबून असते. पण ‘दिवा मालवा’ऐवजी ‘तुम्ही आळशीच’ असे शब्द आले की तक्रार दिव्याची राहत नाही, माणसाची होते.

त्यानंतरची पायरी हसत हसत येते. पाहुण्यांसमोर ती म्हणते, “आमच्या ह्यांना घरातली दोरी अजून सापडायची आहे!” सारे हसतात, तोही हसतो. त्या रात्री तो दिवा मुद्दाम जळत ठेवतो. आता मात्र अवहेलना खरी असते. आरंभी जी नव्हतीच, ती दोघांनी मिळून घडवलेली असते. संत थॉमस उपहासाला निंदेहून गंभीर मानतात. निंदा करणारा दुसऱ्याचा दोष निदान गांभीर्याने घेतो, उपहास करणारा त्या माणसाला तेवढेही मोल देत नाही. विवाहित जोडप्यांच्या संभाषणांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनाही घटस्फोटाची सर्वांत ठळक पूर्वखूण तिरस्कारातच आढळली. भांडण त्या मानाने बरे.

म्हणून तक्रार वेळीच करावी आणि ती वस्तूपुरती ठेवावी: “टॉवेलाने माझी बाजू ओली होते, दाराशी एक खुंटी ठोकू या का?” पती खुंटी ठोकील, चार दिवस विसरेल, पाचव्या दिवशी टॉवेल तेथे लावील. पण ‘त्यासाठीच तुला घरात आणली’ असे उत्तर आले, तर पत्नीने वाचलेले वाक्य खरेच तेथे लिहिलेले होते. अशा घरी तिला सहनशीलतेचा उपदेश करण्यात अर्थ नाही. बोलायचे ते पतीशी.