बाप्पाला निरोप देताना

अनंत चतुर्दशीला करमाळ्यात घरोघरी उत्तरपूजा होते. आरतीनंतर अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, बाप्पाच्या हातावर दही ठेवतात. मंत्र मोठी माणसं म्हणतात. लेकरांच्या तोंडीही चार सोपे शब्द हवेत.

‘बाप्पा, आमच्या घरी राहिलात, मोदक गोड मानून घेतलात. आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. मातीतून आलात, मातीत मिसळा. शिदोरी घ्या, सांभाळून जा, पुढच्या वर्षी लवकर या.’

एकेक वाक्य आधी आजीनं म्हणावं, मागून मुलांनी. घाई नको. शाडूची मूर्ती बादलीत हळूहळू विरघळते. तेवढा वेळ मुलांना तिथंच बसू द्यावं. तळाची माती फुलझाडांच्या कुंडीत घालायची, तीही त्यांच्याच हातानं.