एक जूनचे धावपटू

जळगाव असो की धुळे, साठी ओलांडलेल्या लोकांच्या आधार कार्डावर 1 जून ही जन्मतारीख फार वेळा दिसते. ती आईने सांगितलेली नसते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असते. सहा वर्षे पुरी दाखवायची होती आणि शाळा जूनमध्ये भरत होती, एवढाच तिचा आधार. पुढे तीच तारीख दाखल्यावर गेली आणि नोकरीतही चालली. आता ती मास्टर्स स्पर्धांच्या अर्जावर आली आहे, आणि तिथे तिच्यावरून थेट वेळ ठरते.

पस्तिशीनंतरच्या धावपटूंची तुलना करण्यासाठी जागतिक मास्टर्स संघटनेचे तक्ते असतात. प्रत्येक वयातल्या सर्वोत्तम वेळांवरून एक सलग रेषा काढतात आणि तिच्यावरून त्या वयाचा गुणक ठरतो. स्त्री-पुरुषांचे तक्ते वेगळे असतात. आपली वेळ गुणकाने गुणली की तरुणपणीची समतुल्य वेळ मिळते. कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी 2004 मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी, मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटे 48 सेकंदांत पुरी केली. तिची समतुल्य वेळ 2 तास 4 मिनिटांच्या आसपास येते, म्हणजे गुणक सुमारे 0.71.

आता दहा किलोमीटरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पस्तिशीतल्या पुरुषाला 44 मिनिटे लागली. त्याचा गुणक ढोबळमानाने 0.99, म्हणून समतुल्य वेळ 43:34. कागदावर 62 वर्षांच्या आजोबांना 54 मिनिटे लागली. गुणक 0.80 धरला तर 43:12, आजोबा जिंकले. पण गुरुजींनी दोन वर्षे वाढवून लिहिली असतील तर खरे वय 60. गुणक 0.815च्या आसपास जातो, वेळ 44:01 होते आणि बक्षीस तरुणाकडे जाते. आजोबांनी तर काहीच लबाडी केलेली नसते.

उतारवयात गुणक आणखी झपाट्याने उतरतो, म्हणून तिथे चूक जास्त महाग पडते. फौजा सिंग यांनी 2011 मध्ये टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली तेव्हा त्यांच्या पासपोर्टनुसार ते शंभर वर्षांचे होते. जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने विक्रम नोंदवला नाही. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणवत नाही.

तरी तक्ता आपल्याकडे निरुपयोगी ठरत नाही. दोन धावपटूंच्या तुलनेत जी चूक निकाल फिरवते, ती एकाच माणसाच्या नोंदींत दरवर्षी जवळपास तेवढीच राहते. समतुल्य वेळ यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी झाली, तर सुधारणा खरी असण्याची शक्यता मोठी आहे. अट एवढीच की अंतर नीट मोजलेले हवे आणि हवामान सारखे हवे. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हाची सूट कुठलाच तक्ता देत नाही, त्यामुळे डिसेंबरची वेळ डिसेंबरशीच ताडून पाहावी.