सहा-सहा कितीदा मोजायचा?

दोन फासे एकाच वेळी टाकले. किमान एका फाशावर ६ येण्याची संभाव्यता किती? दहावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की पहिलं उत्तर बहुधा १२/३६ येतं. पहिल्या फाशावर ६ आला तर दुसऱ्यावर काहीही चालेल, म्हणजे सहा निष्पत्ती. दुसऱ्यावर ६ आला तर पहिल्यावर काहीही चालेल, आणखी सहा. सहा आणि सहा बारा. सगळं कसं नीट, पायरीपायरीनं मांडलेलं असतं. उत्तर मात्र ११/३६ आहे.

नमुना अवकाश कागदावर मांडला की चूक कुठे आहे ते दिसतं. सहा ओळी, सहा स्तंभ, छत्तीस चौकोन. पहिल्या फाशाचा ६ ही सर्वांत खालची ओळ आणि दुसऱ्या फाशाचा ६ हा सर्वांत उजवीकडचा स्तंभ. ओळ आणि स्तंभ जिथे एकमेकांना छेदतात तिथे (६, ६) ही एकच निष्पत्ती आहे. ओळ मोजताना ती मोजली गेली आणि स्तंभ मोजताना पुन्हा मोजली गेली.

तक्ता न मांडताही या चुकीचा वास यायला हवा. त्यासाठी तोच तर्क थोडा पुढे ताणायचा. एका फाशाला १/६ आणि दोन फाशांना २/६, तर सहा फाशांना ६/६ व्हायला हवेत. म्हणजे सहा फासे टाकले की ६ आलाच पाहिजे. ल्युडोत सोंगटी निघण्यासाठी ताटकळलेलं कोणतंही मूल हे मानणार नाही. सातव्या फाशाला तर संभाव्यता ७/६ होते. उत्तर १ च्या वर गेलं की काहीतरी दोनदा मोजलं गेलंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पाठ्यपुस्तकांतले प्रश्न दोन फाशांवरच थांबत असल्यामुळे ही विसंगती विद्यार्थ्यांसमोर क्वचितच येते. १२/३६ हे उत्तर चुकीचं असलं तरी अगदी सभ्य दिसतं.

तीन फाशांवर हीच मोजणी केली तर चुकीची घडण आणखी उघड होते. एकूण २१६ निष्पत्ती. प्रत्येक फाशावर ६ असलेल्या छत्तीस-छत्तीस धरून बेरीज येते १०८, म्हणजे बरोबर अर्धी संभाव्यता. आता एकही ६ नसलेल्या निष्पत्ती मोजू. प्रत्येक फाशाला पाच पर्याय, म्हणून ५ × ५ × ५ = १२५. उरल्या ९१. मग १०८ मधल्या जादा सतरा आल्या कुठून? नेमका एकच ६ असलेल्या निष्पत्ती ७५ आहेत. त्या एकेकदाच मोजल्या गेल्या. नेमके दोन ६ असलेल्या १५ आहेत; त्या दोनदोनदा मोजल्या गेल्या. आणि (६, ६, ६) ही एकटी निष्पत्ती तीनदा. ७५ अधिक ३० अधिक ३, झाले १०८. सतरा कुठून आल्या याचा असा हिशेब लागला की चुकीचं गूढ उरत नाही. निष्पत्तीत जितके ६, तितक्या वेळा ती मोजली गेली.

गंमत अशी की हा धडा मनावर घेतलेला विद्यार्थी पुढच्याच प्रश्नात उलट्या बाजूला घसरतो. दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या अनुकूल निष्पत्ती विचारल्या, तर तो (१, ६), (२, ५), (३, ४) अशा तीनच लिहितो. ‘(५, २) म्हणजे तेच ना, पुन्हा का मोजायचं?’ हा त्याचा प्रश्न आगाऊपणाचा नाही. कालच त्याला सांगितलं होतं, एक गोष्ट दोनदा मोजू नकोस. (६, ६) एकदाच धरायचा आणि २ व ५ ची जोडी दोनदा, या दोन सूचना शेजारीशेजारी ठेवल्या तर त्या परस्परविरोधी वाटतातच.

या ठिकाणी मोठमोठी माणसंही अडखळली आहेत. दोन फाशांची बेरीज ११ आणि बेरीज १२ येण्याची शक्यता सारखीच, असं लायब्निझनं लिहून ठेवलं आहे. ११ एकाच प्रकारे होते आणि १२ ही एकाच प्रकारे, हा त्यामागचा विचार. दालांबेरनं १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात नाण्याबद्दल लिहिताना, दोन फेकींत किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ असावी असा युक्तिवाद केला. पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला, दुसरी फेक होतच नाही. मग शक्यता तीनच. त्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत, ही बाब त्याच्या हिशेबातून निसटली.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी गॅलिलिओनं हा गुंता सोडवला होता. तीन फाशांच्या खेळात ९ पेक्षा १० ही बेरीज किंचित जास्त वेळा येते, असं जुगाऱ्यांना अनुभवानं जाणवलं होतं. पण कागदावर दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनीच होतात. गॅलिलिओनं दाखवलं की हे प्रकार समान नाहीत. १, २, ६ हे तीन वेगळे अंक तीन फाशांवर सहा रीतींनी बसतात; २, २, ५ तीन रीतींनी; आणि ३, ३, ३ एकाच रीतीनं. तसं मोजलं की ९ ला २१६ पैकी २५ निष्पत्ती मिळतात आणि १० ला २७. ९ च्या यादीत ३, ३, ३ हा कमी वजनाचा प्रकार आहे, १० च्या यादीत तसा एकही नाही.

वर्गात यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. एक फासा लाल आणि एक पांढरा घ्यावा. लालवर २ व पांढऱ्यावर ५ हे एक दृश्य, लालवर ५ व पांढऱ्यावर २ हे दुसरं. पण दोन्हींवर ६ असताना त्यांची अदलाबदल केली तरी दृश्य बदलत नाही. म्हणजे सूचना एकच होती: वेगळं दृश्य वेगळं धरा, तेच दृश्य एकदाच धरा. फासे एकाच रंगाचे असले तरी ते दोनच असतात आणि रंगांमुळे त्यांच्या पडण्यात फरक पडत नाही, म्हणून हिशेबही तोच राहतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात एक छान प्रश्न आहे. दोन फाशांच्या बेरजा २ ते १२ अशा अकरा, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/११, असं एक विद्यार्थी म्हणतो. त्याचं पटतं का? असे प्रश्न आणखी हवेत. चूक ओळखायला लावणारा एक प्रश्न उत्तर काढायला लावणाऱ्या दहांना भारी पडतो.

पत्त्यांच्या प्रश्नांत अडचण थोडी वेगळ्या जातीची आहे. ‘५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तो लाल किंवा राजा असण्याची संभाव्यता काढा.’ लाल २६, राजे ४, बेरीज ३०. यात बदामचा राजा आणि चौकटचा राजा दोनदा आले, म्हणून उत्तर २८/५२, म्हणजेच ७/१३. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या पिढीला हे दोन राजे डोळ्यांसमोर दिसत. आज पत्ता कधी हातातच न घेतलेल्या मुलाला ‘लाल’ हा एक आकडा असतो आणि ‘राजा’ हा दुसरा. मग तो पत्ते मोजत नाही, वर्णनं मोजतो. अशा वर्गात सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा प्रश्न घालून पाहावा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०. काढलेला पत्ता मत्स्याचा किंवा कोणत्याही अवताराचा राजा असण्याची संभाव्यता? बारा अधिक दहा, वजा मत्स्याचा राजा, २१/१२०. पाठ केलेलं काहीच उपयोगी पडत नाही, मोजावंच लागतं.

बेरीज करून मोकळं व्हायची सवय लागते त्यात प्रश्नांचाही दोष आहे. ‘राजा किंवा राणी’ विचारलं की चार अधिक चार आठ हे बरोबर येतं. ‘बेरीज ७ किंवा ११’ विचारलं की सहा अधिक दोन आठ, हेही बरोबर. सामाईक काहीच नसलेल्या घटनांचे असे प्रश्न लागोपाठ सोडवले की नुसती बेरीज हीच रीत पक्की होते. मग ‘बेरीज ८ किंवा दोन्ही फाशांवर समान अंक’ आला की पाच अधिक सहा अकरा लिहिलं जातं आणि (४, ४) दोनदा मोजला जातो. अकरावीत सामाईक भाग वजा करण्याचं सूत्र येतं, पण सूत्र पाठ असूनही माणूस कसा फसतो ते पाहायला दोन पत्ते पुरतात.

कॅटमधून दोन पत्ते एकदम काढले. किमान एक एक्का असण्याची संभाव्यता किती? ५२ पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ प्रकारांनी निवडता येतात. अनुकूल निवडींसाठी विद्यार्थी म्हणतो: आधी एक एक्का घेऊ, चार पर्याय; ‘किमान एक’ ही अट पुरी झाली, आता उरलेल्या ५१ पैकी कोणताही घेऊ; ४ × ५१ = २०४. यात ‘किंवा’ नाही, बेरीज नाही, वजा करण्यासारखं काही दिसतही नाही. तरीही उत्तर चुकलं आहे.

इस्पिकचा आणि बदामचा एक्का हाती आलेली निवड घ्या आणि उलट विचारा: वरच्या रीतीनं इथे किती वाटांनी पोचता येतं? आधी इस्पिकचा घेऊन मग ‘कोणताही’ म्हणून बदामचा, किंवा आधी बदामचा घेऊन मग इस्पिकचा. दोन वाटा, निवड एकच. आता इस्पिकचा एक्का आणि चौकटची सत्ती घ्या. सत्तीला ‘आधीचा एक्का’ होता येत नाही, म्हणून वाट एकच. दोन्ही पत्ते एक्के असलेल्या सहाच निवडी आहेत आणि त्या सहाच जादा मोजल्या गेल्या. २०४ वजा ६, अनुकूल निवडी १९८. पडताळा पाहिजे असेल तर एकही एक्का नसलेल्या निवडी ४८ पत्त्यांतून ११२८ होतात, आणि १३२६ वजा ११२८ बरोबर १९८. संभाव्यता ३३/२२१, सुमारे ०.१४९. चुकीच्या रीतीचं उत्तर सुमारे ०.१५४ येतं. एवढा फरक अंदाजानं कोणालाही पकडता येणार नाही. सात फाशांसारखी विसंगती इथे मदतीला येत नाही. उलट दिशेनं वाटा मोजणं हाच उपाय उरतो.

एखादा चौकस विद्यार्थी इथे फाशांची आठवण करून देईल. तिथे (२, ५) आणि (५, २) वेगळे धरले, मग इस्पिक-बदाम आणि बदाम-इस्पिक एक का? वेगळे धरायलाही हरकत नाही. तसं केलं तर एकूण निष्पत्ती ५२ × ५१, म्हणजे २६५२ होतात आणि अनुकूल ३९६. भागाकार तोच राहतो. अट एवढीच की छेदात क्रम धरला तर अंशातही धरायचा. वरच्या चुकीत छेद क्रमाविना होता, आणि अंशात दोन एक्क्यांच्या जोड्यांपुरता क्रम गुपचूप शिरला होता. फाशांच्या बाबतीत मात्र क्रम सोडून देण्याची ही मुभा नाही. क्रमाविना मोजलं तर दोन फाशांच्या २१ जोड्या होतात, पण (६, ६) चं वजन २ आणि ५ च्या जोडीच्या निम्मं असतं. त्या समसंभाव्य नाहीत. पत्त्यांत तोच पत्ता पुन्हा हाती येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडीचे नेमके दोन क्रम होतात आणि सगळ्या जोड्या समान वजनाच्या राहतात. पहिला पत्ता परत कॅटमध्ये घालून, पिसून, दुसरा काढला तर पत्तेही फाशांसारखेच वागू लागतात, आणि मग १३२६ हा छेद चालत नाही; ५२ × ५२ = २७०४ घ्यावा लागतो.